डाग लाल झाला म्हणून घाबरू नका

> "पांढऱ्या सुती कुर्त्यावर आमटी सांडली. साबण लावला तर डाग लालभडक झाला! डब्यांचंही पिवळेपण जात नाही. काय करू?"

ताई, तो लाल रंग नवा डाग नाही. हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, साबणाच्या अल्कलीने लाल होतो. कुंकू हळदीपासून करतात ते याच गुणामुळे. भरपूर पाण्यात खळबळलं की परत पिवळा होतो.

आधी फोडणीचं तेल काढा, कारण रंग त्यातच मुरलेला असतो. डागावर भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार थेंब घालून बोटाने हलकेच चोळा, पंधरा मिनिटांनी धुवा. मग कुर्ता ओलाच, डागाची बाजू वर करून, कडक उन्हात पसरा. कर्क्युमिन उजेडाने विरतं. गेल्या एप्रिलमध्ये कोथरूडच्या आमच्या गच्चीवर मुलाच्या सदऱ्यावरचा रुपयाएवढा डाग सकाळी दहाला पिवळाधमक होता, चारला फिकट लिंबासारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून टाकला, तेव्हा गेला. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री मात्र करू नका, उष्णतेने तो पक्का बसतो. रंगीत कपड्याला हा उपाय नको, त्याचा मूळ रंगही उडेल.

डब्यांनाही ऊनच. तेलकटपणा घालवून ते उघडे, आतली बाजू सूर्याकडे करून ठेवा. रंग प्लॅस्टिकच्या आत शिरलेला असतो, म्हणून घासून उपयोग नाही; उलट चरे पडतात आणि पुढची हळद त्यांत बसते. दोन-तीन दिवस लागतात. पुण्याच्या पावसाळ्यात त्याहून जास्त, तेव्हा आमटी स्टीलच्या डब्यात ठेवलेली बरी.