मदत हवी आहे: काडतुसातली दारू ठासणीच्या बंदुकीत चालेल का?

रानवाट_खानापूर
नमस्कार मंडळी. जांबोटीच्या बाजूला आमची भातशेती आहे. वडिलांच्या नावावर पीक राखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. भात पोटरीला आलं की डुकरं उतरतात, मग छर्रा न घालता नुसती दारू आणि चिंध्यांचा बोळा ठासून बार काढतो. आवाजानंच कळप पांगतो.

यंदा काळी दारू मिळाली नाही. चुलतभावानं बारा बोअरची जुनी काडतुसं फोडून आतली दारू आणली. दगडावर दोन्हीची चिमूट पेटवून बघितली. उरलेली काळी भक्कन उडाली, काडतुसातली मात्र पिवळ्या ज्योतीनं संथ जळत राहिली. म्हणजे ही नरमच, असं वाटलं. काल अर्ध्या मापानं बार काढला तर नुसतं फुस्स, अंगणात न जळलेले कण. भाऊ म्हणतोय, माप पूर्ण भर आणि बोळा घट्ट ठास. करावं का?

घाटमाथा
नरम कसली? वजनाला वजन धरलं तर काळीच्या जवळपास तिप्पट ताकद आहे तिच्यात. माप तिसऱ्या हिश्श्यावर आणा, हिशेब जुळतो.

नळी_दस्ता
रानवाट, थांबा. नळीत आत्ता काही ठासलेलं असेल तर टोपी बसवू नका, परवानाधारक कारागिराकडून रिकामी करून घ्या. वडिलांसोबत बंदूकदुरुस्तीच्या दुकानात वाढलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

दगडावरच्या परीक्षेनं तुम्हाला फसवलं. काळी दारू उघड्यावर जशी भडकते, नळीत त्याहून थोडीच जोरात जळते. दाब वाढला म्हणून तिचा वेग फारसा वाढत नाही. दाण्याचा आकार आणि मापाची दारू एवढ्यावर तिचा दाब बराचसा ठरतो, म्हणून तुमच्या आजोबांना मापानं भरून चालत होतं.

तुमच्या काडतुसातली दारू बिनधुराची; तिचा जळण्याचा वेगच दाबावर चालतो. दाब नाही तर ती पेंगते; तुमच्या दगडावर आणि कालच्या फुस्समध्ये तेच झालं, सैल बोळा दाब धरूच शकला नाही. आता भावाचं ऐकून घट्ट ठासलंत तर दाब चढेल, दाबानं ती जोरात जळेल, जोरात जळल्यानं दाब आणखी चढेल. बोळा हलायच्या आत हे चक्र कुठल्या कुठे जातं. ठासणीच्या नळीला मागून फक्त आट्यांचा बूच असतो आणि लोखंड मऊ. तो बूच तुमच्या तोंडासमोर आहे.

घाटमाथा, तिप्पट बरोबर, पण भागाकार चुकतोय. ताकद म्हणजे एकूण किती ऊर्जा; नळी फुटते ती दाबाच्या शिखरानं. थोडी दारू, मोठी मोकळी जागा आणि टोपीची छोटीशी ठिणगी असेल तर एकदा पेटणारच नाही, पुढच्या वेळी बोळा अर्धा इंच खोल गेला की शिखर कुठे जाईल सांगता येत नाही. काडतुसात तीच दारू सुरक्षित असते, कारण तिथे जागा, डाट, छर्रा आणि पेटवणारी टोपी, सगळं कारखान्यानं जुळवलेलं असतं.

घाटमाथा
हे मान्य. पण आमच्या गावात एक जण वर्षानुवर्षं असंच करतोय, त्याची बंदूक शाबूत आहे.

नळी_दस्ता
असेल. आम्ही बूच उसवून मागे सरकलेल्याही पाहिल्यात. त्यांच्याही बंदुका आदल्या दिवसापर्यंत शाबूतच होत्या.

सीमेवरचा_अण्णा
माझं उलटं आहे. घरी बारा बोअरची दुनळी आहे, पितळी काडतुसांत काळी दारू भरली तर चालते ना? ती तर सौम्य.

नळी_दस्ता
अण्णा, सौम्य म्हणून चालेलच असं नाही. आधी नळी कोणती ते बघा: पट्ट्या पिळून केलेली जुनी असेल तर कारागिराला दाखवल्याशिवाय काहीच नको. नवी पोलादी असली तर फुटण्याची भीती कमी, पण काळी जळाली की निम्म्याहून जास्त वजनाचे घन कण होतात; काही धुरातून बाहेर जातात, बाकीची राख आत बसते. ती हवेतला ओलावा ओढते. आपल्याकडच्या पावसाळ्यात रात्रभर धुतली नाही तरी सकाळी तांबूस दिसते. शिवाय घरी काडतूस भरायला परवान्यात मुभा आहे का, तेही विचारा.

रानवाट_खानापूर
बंदूक रिकामी आहे, टोपी काढून ठेवली. पण भावानं उरलेली काळी त्याच डब्यात ओतली आहे. चाळून वेगळी होईल का?

नळी_दस्ता
नाही. काळी अनियमित कोळशासारखी, दुसरी सारख्या चकत्यांची किंवा गोळ्यांची, हे खरं. पण दोन्ही बारीक असल्या की चाळणी ती निवडू शकत नाही, आणि चाळताना घर्षण होतं ते वेगळंच. रंगावर तर जाऊच नका, काही बिनधुराच्या दारूही काळ्याच दिसतात. डब्याला हिसके देऊ नका, चुलीपासून दूर ठेवा आणि परवानाधारक विक्रेत्याला किंवा ठाण्यात कळवा.

रानवाट_खानापूर
कालच्या त्या एका फुस्सनं नळीला काही झालं असेल का?

नळी_दस्ता
दाब चढलाच नसेल तर बहुधा नाही. पण बुचाच्या आट्या, टोपीच्या निपलचं भोक मोठं झालंय का, नळीवर कुठे फुगवटा लागतो का, हे हातात घेतल्याशिवाय मी सांगू शकत नाही. कारागिराकडे जाताना परवाना सोबत ठेवा.

घाटमाथा
आणि डुकरांसाठी तोवर काय?

सीमेवरचा_अण्णा
पत्र्याचा डबा आणि काठी. आमच्याकडं दोन दिवस चालतंय, मग ती सवयीची होत्यात बगा.