अनुभव धागा: मॉक इंटरव्ह्यूच्या फीडबॅकचं रेकॉर्डिंग ऐकून सरावाचे मुद्दे कसे काढता?

रत्नागिरीची_ताई
आमच्या इथे वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही काही जण मिळून नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींचे मॉक इंटरव्ह्यू घेतो. इंटरव्ह्यू आणि नंतरचा फीडबॅक, दोन्ही फोनवर रेकॉर्ड करतो (सगळ्यांना विचारून). आणि मग खरं काम सुरू होतं, कारण पाऊण तासाचं रेकॉर्डिंग हातात दिलं तर ते मूल एकदा ऐकतं, हिरमुसतं आणि बंद करतं. त्यातून सराव करता येतील असे दोन-तीन मुद्दे काढावे लागतात. तुम्ही ते कसे काढता हे ऐकायचंय, म्हणून हा धागा. आधी माझं एक उदाहरण सांगते.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बीएफएससी झालेली मुलगी, मासळी निर्यात करणाऱ्या प्लांटमध्ये क्वालिटीच्या पोस्टसाठी तयारी करत होती. पॅनलवर एक रिटायर्ड प्लांट मॅनेजर काका आणि लोट्याच्या कंपनीत एचआर बघणाऱ्या मॅडम. फीडबॅकमध्ये काका म्हणाले "उत्तर फार लांबवतेस", मॅडम त्याच उत्तराबद्दल म्हणाल्या "अजून डिटेल हवं होतं". मुलगी गोंधळली, मी तरी कोणाचं ऐकू? शिवाय दोघांनीही "कॉन्फिडन्स वाढव" हे फिरून फिरून सांगितलं.

मी फीडबॅक बाजूला ठेवला आणि ते उत्तरच परत ऐकलं. प्रश्न होता, कोल्ड स्टोअरचं तापमान उणे 18 वर असायला हवं ते उणे 12 दाखवतंय, तू काय करशील? तिने जवळजवळ पहिलं मिनिटभर हॅसप ही अन्नसुरक्षेची पद्धत म्हणजे काय, त्याची सात तत्त्वं कोणती हे सांगितलं आणि शेवटी "मग मी सिनियरना कळवेन" म्हणून संपवलं. म्हणजे दोघंही बरोबर होते! लांबलं ते प्रस्तावनेत, आणि डिटेल नव्हतं ते कामात. दरवाजा उघडा राहिलाय का, डिस्प्ले खरा आहे का हे हातातल्या थर्मामीटरने तपासणं, मालाचं आतलं तापमान घेणं, तो लॉट होल्डवर टाकणं, मेंटेनन्सला बोलावणं, रजिस्टरला नोंद करणं, यातलं काहीच आलं नाही, आणि तिला हे सगळं येतं, कारण नंतर काकांनी खोदून विचारल्यावर तिने धडाधड सांगितलं, तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे. तर मुद्दा असा लिहिला:

"परिस्थिती देऊन विचारलं की पहिलं वाक्य कामाचं, 'मी आधी अमुक करीन'. तत्त्व सांगायचं तर शेवटी, एका वाक्यात. सराव: रोज तीन नव्या परिस्थिती, फोनवर रेकॉर्ड करून, प्रत्येकी दीड मिनिट. तपासणी: पहिल्या दहा सेकंदांत एखादं काम ऐकू येतं का?"

आता कॉन्फिडन्स. आवाज तर तिचा खणखणीत होता, कोळंबीच्या प्रोजेक्टवर छान बोलली. मग कमी कुठे वाटलं? परत ऐकलं तेव्हा लक्षात आलं, आकडा आला की ती आधी "बहुतेक" लावते. "बहुतेक उणे 18, सर." "प्लेट फ्रीझर बहुतेक उणे 40." आकडे बरोबर, पण ऐकणाऱ्याला वाटणार हिला खात्री नाही. दुसरा मुद्दा तोच झाला, प्लांटमधले नेहमीचे आकडे "बहुतेक" न लावता पूर्ण वाक्यात मोठ्याने बोलायचे, आणि जो आकडा खरंच माहीत नाही तिथे "हा मला बघून सांगावा लागेल" असं सरळ म्हणायचं. ओढणी सारखी सावरणं, पगाराच्या प्रश्नाला अडखळणं वगैरे मी "नंतर" म्हणून खाली वेगळं लिहून ठेवलं. एका वेळी दोनच मुद्दे दिले.

तुमचं सांगा.

चिपळूणचा_प्लेसमेंटवाला
ताई, पद्धत पटली. मी बरीच वर्षं कॉलेजच्या प्लेसमेंटला आहे, थोडी भर घालतो. मी कागदावर तीन रकाने पाडतो: रेकॉर्डिंगचं मिनिट, पॅनलने शब्दशः काय म्हटलं, आणि उमेदवाराने तिथे नेमकं काय केलं. तिसरा रकाना भरता आला नाही तर ती टिप्पणी मुद्दा होत नाही, नुसती राहते. "बॉडी लँग्वेज सुधारा" हे दर पॅनलमध्ये कोणीतरी म्हणतंच, पण कुठल्या मिनिटाला काय दिसलं हे मिळत नसेल तर मुलाने घरी जाऊन करायचं काय?

अजून एक, पॅनल काय म्हणालं आणि आपण त्यावरून काय काढलं हे वेगळं लिहा. तुमच्या उदाहरणात "बहुतेक" ही गोष्ट पॅनलमधलं कोणी बोललेलं नाही, ती तुम्हाला सापडली. चांगलीच सापडली, पण सारांशात "पॅनलच्या मते" म्हणून गेली तर उद्या काका म्हणतील मी असं कुठे बोललो. मी तसल्या ओळीपुढे "माझं निरीक्षण" लिहितो आणि जमलं तर पॅनलला फोन करून विचारतो, तुम्हाला हेच म्हणायचं होतं का.

आणि सरावाची तपासणी नव्या प्रश्नावर करा. कोल्ड स्टोअरचाच प्रश्न पुन्हा विचारलात तर ती झक्कास उत्तर देईल, पण ते पाठ झालेलं असेल. त्याऐवजी "बर्फ कमी पडला आणि मासळीची गाडी दारात उभी आहे" असं काहीतरी विचारा. पहिलं वाक्य तिथेही कामाचं आलं तर सवय लागली म्हणायची.

कुडाळकर_एचआर
मी तर सगळ्यांना स्टार पद्धत देतो, परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. फीडबॅक काहीही असो, सगळी उत्तरं या साच्यात बसवा म्हणून सांगतो, ऐंशी टक्के प्रॉब्लेम तिथेच सुटतो, एवढं रेकॉर्डिंग ऐकत बसायची गरजच काय.

चिपळूणचा_प्लेसमेंटवाला
"तुम्ही पूर्वी असं कधी केलंत, सांगा" या प्रश्नाला स्टार उत्तमच आहे, मीही शिकवतो. पण "उद्या असं झालं तर काय कराल" याला त्याच साच्याने गेलं की मूल आधी परिस्थितीच परत सांगत बसतं, जी समोरच्याने नुकतीच सांगितलेली असते. ताईंच्या मुलीचं तेच झालं असतं, हॅसपच्या जागी फक्त दुसरी प्रस्तावना आली असती. आणि मुलगा कुठल्या तऱ्हेच्या प्रश्नाला अडतोय हे रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय कळणार कसं?

कुडाळकर_एचआर
हो, तो फरक मान्य. पण फ्रेशरला दोन साचे दिले की आयत्या वेळी घोळ होतो हेही मी बघितलंय, त्यामुळे मी एकावरच राहीन.

देवगड_हापूस
एक विचारायचं होतं, पुढच्या आठवड्यात माझा इंटरव्ह्यू आहे, फोन खिशात ठेवून रेकॉर्ड केला तर आवाज नीट येतो का? शर्टाच्या खिशात की पँटच्या?

रत्नागिरीची_ताई
अरे दादा, इथे मॉकबद्दल चाललंय. खऱ्या इंटरव्ह्यूत न विचारता रेकॉर्ड करू नकोस. बाहेर पडल्यावर लगेच रिक्षात बसून प्रश्न आठवतील तसे बोलून ठेव, तुझ्या आवाजात, त्यावरून पुढे काम होतं. मॉकमध्येसुद्धा आम्ही आधी विचारतो आणि फाइल फक्त त्या उमेदवाराला देतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत नाही.

मालवणी_मामा
ताई, ह्यां बरां केलास. माझ्या भाच्याचं सांगतो. तारकर्लीच्या रिसॉर्टात फ्रंट ऑफिससाठी त्याचो मॉक घेतलो, आणि फीडबॅक काय तर "इंग्लिश सुधार". आता इंग्लिश सुधार म्हणजे पोरग्यान काय करूचां? क्लास लावलो, दोन दिवस गेलो, सोडून दिलो.

दापोलीची_मास्तरीण
मामा, रेकॉर्डिंग असेल तर इंग्लिश कुठे तुटतं ते ऐका. माझ्याकडे असाच एक मुलगा होता. स्वतःची ओळख, रूमची माहिती, चेक-इन, सगळं व्यवस्थित बोलला. "रागावलेल्या गेस्टला कसं सांभाळलंस" म्हटल्यावर तुटला, कारण तिथे घडून गेलेलं सांगायचं असतं आणि तो भूतकाळात गो, टेल, कम असंच बोलत होता. म्हणून मुद्दा "इंग्लिश" न लिहिता असा लिहिला: ट्रेनिंगमधले पाच खरे प्रसंग, प्रत्येकी सहा-सात वाक्यं, सगळी क्रियापदं भूतकाळात, आधी लिहून आणि मग न बघता बोलून. एवढंच दिलं. बाकी इंग्लिश त्याचं कामापुरतं ठीकच होतं.

मालवणी_मामा
ह्यां पटलां. रेकॉर्डिंग त्याच्या फोनात आसा, आजच ऐकतंय.

खाडीकाठची_श्रुती
मी उमेदवाराच्या बाजूने लिहिते. माझा मॉक ऑनलाइन झाला, मी गुहागरला घरी, पॅनल पुण्यात. फीडबॅक आला "प्रत्येक उत्तराआधी खूप थांबतेस, अडखळतेस". मीटिंगच्या रेकॉर्डिंगमध्ये खरंच तीन-चार सेकंदांचे गॅप होते आणि मी त्यावरच सराव करायला घेतला, पटकन बोलायचा. माझ्या भावाने सहज आवाज तपासायला दुसरा फोन शेजारी ठेवून रेकॉर्ड केलेलं, ते ऐकलं तर मी लगेच बोलायला सुरुवात करत होते! पाऊस होता, रेंज खालीवर, माझा आवाज तिकडे उशिरा पोचत होता. पण एका ठिकाणी, बँकेच्या केवायसीच्या प्रश्नाला, दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये गॅप होता. तो खरा. मग तेवढाच मुद्दा ठेवला. म्हणून ऑनलाइन असेल तर एक फोन आपल्या टेबलावर चालू ठेवाच.

चिपळूणचा_प्लेसमेंटवाला
हे फार कामाचं सांगितलंत. आमच्याकडेही पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात शेवटचे शब्द ऐकू येत नाहीत आणि "वाक्य अर्धवट सोडतो" असा शेरा येतो. फोन उमेदवाराजवळ ठेवला की खरं काय ते कळतं.

राजापूरचा_अभि
सारांश दुसऱ्याने का करायचा पण? उमेदवारानेच रेकॉर्डिंग ऐकून मुद्दे काढले तर जास्त लक्षात राहतात. मी माझे स्वतःच काढले होते.

खाडीकाठची_श्रुती
मी आधी स्वतःच काढले होते आणि त्यात चौदा चुका लिहिल्या, चांगलं बोललेलं एकही नाही. मॅडमनी "कर्जाचं उदाहरण फार छान दिलंस, असंच अजून वापर" म्हटलेलं मला ऐकूच आलं नव्हतं.

रत्नागिरीची_ताई
मला दोघांचंही पटतं. सध्या मी असं करते की मुलीने तिचे काढायचे, मी माझे, आणि मग शेजारी ठेवून बघायचे. पण एका रविवारी चार-पाच मॉक असले की एवढा वेळ मिळत नाही, हे खरं. आणि चांगलं सांगितलेलं मुद्द्यात घ्यावं का, यावर आमच्यातही एकमत नाही. काका म्हणतात सरावाचा कागद सरावापुरताच ठेवा. मी घेते, पण ते परत करता येण्यासारखं असेल तरच. "कर्जाचं उदाहरण वापर" घेईन, "स्मार्ट आहेस" घेणार नाही.

दापोलीची_मास्तरीण
कागद मराठीत देता की इंग्रजीत? इंटरव्ह्यू इंग्रजीत असतो म्हणून मी इंग्रजीत देत होते, पण मुलं "बी स्पेसिफिक" वाचून मान डोलावतात आणि करत काहीच नाहीत.

रत्नागिरीची_ताई
सूचना मराठीत, आणि जे वाक्य तोंडात बसवायचं ते इंटरव्ह्यूच्या भाषेत. त्या मुलीच्या कागदावर "पहिलं वाक्य कामाचं" हे मराठीत होतं आणि खाली "फर्स्ट आय विल चेक द प्रॉडक्ट टेम्परेचर" असं लिहिलेलं. दुसऱ्या मॉकला काकांनी मुद्दाम बर्फाऐवजी पाण्याच्या टाकीतल्या क्लोरीनचा प्रश्न टाकला. पहिलं वाक्य कामाचं आलं, पण आकड्यापुढे एकदा "बहुतेक" आलंच. तो मुद्दा अजून कागदावर आहे, पगाराचा वरच्या यादीत घेतलाय.