मदत हवी आहे: पंचगंगेच्या पाच नद्या कार्डांवर कशा बसवायच्या?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राहून एमपीएससीची तयारी करतोय, पाठांतरासाठी पुढे प्रश्न, मागे उत्तर अशी कार्डं बनवतोय. माझं पहिलं कार्ड होतं ‘पंचगंगेची माहिती’, मागे सहा ओळी. उलटलं की वाटायचं, हे येतंय की! मग रूममेटनं चहा पिताना सहज विचारलं आणि भोगावतीच्या पुढं गाडीच हलेना.

म्हणून कार्ड फोडलं. ‘पंचगंगा कृष्णेला कुठे मिळते?’ मागे फक्त ‘नरसोबाची वाडी’. हे झकास चालतंय, कारण आलं किंवा नाही आलं, मधलं काही नाही.

घोडं अडलंय ते पाच नावांवर. एकाच कार्डावर पाचही मागितली आणि चार आठवली, तर कार्ड बरोबर धरायचं की चूक? मग पाच कार्डं केली, प्रत्येकात एक जागा रिकामी: ‘कासारी, कुंभी, ____, भोगावती, सरस्वती’. आठवड्यात सगळी पाठ! पण रूममेटनं क्रम बदलून लिहून दिलं आणि मी गप्प. म्हणजे मी नद्या आठवतच नव्हतो, मधली रिकामी जागा दिसली की ‘तुळशी’ म्हणत होतो.

आता प्रत्येक नदीला वेगळा प्रश्न द्यायचा विचार आहे, जसं ‘राधानगरी धरण कोणत्या नदीवर?’ – भोगावती. पण गुप्त सरस्वतीला धरण कुठून आणू? आणि सुट्या कार्डांवरून परीक्षेत पाचही एकत्र आठवतील का, की उलटण्याआधी पाचही कागदावर लिहायचं एक कार्ड ठेवावंच लागेल? कुणी अशी यादी फोडली असेल तर नेमकी कार्डं सांगा की राव.