सोसायटी ग्रुप: कानाचं औषध आणि जुलाब

बी-४०३, आर्याची आई: ग्रुपवर डॉक्टर कोणी आहे का? आर्याला कानासाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकचं ड्राय सिरप दिलंय, ७ दिवस, दिवसातून दोनदा. आज तिसरा दिवस. ताप गेला, पण काल रात्रीपासून चारदा पातळ शी झाली. सासूबाई म्हणाल्या बंद कर, म्हणून सकाळी ९ चा डोस दिला नाही.

सी-१०१, जोशीकाका: बरं वाटतंय ना? मग कशाला पोटात विष!

ए-२०२, डॉक्टरताई: काका, थांबा जरा. शीत रक्त किंवा आव आहे का? पोट खूप दुखतंय? लघवी नेहमीसारखी होतेय?

आर्याची आई: रक्त, आव नाही. लघवी नेहमीसारखी. पोरगी उड्या मारतेय.

डॉक्टरताई: मग हे बहुतेक औषधामुळेच. यातल्या क्लॅव्ह्युलॅनिकने आतडी जोरात हलतात. औषध उपाशीपोटी देऊ नकोस, जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर दे. दर जुलाबानंतर ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. दहीभात चालेल. जुलाब थांबवायची गोळी मात्र अजिबात नको. रक्त दिसलं, ताप परतला किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दाखव. तुमच्या डॉक्टरांनाही आज फोन कर. औषध बंद करायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. ताप आधी उतरतो, कानातले जंतू मागाहून मरतात. डोस किती वाजता देतेस?

आर्याची आई: सकाळी ९ आणि क्लासला जायच्या आधी ५ ला.

डॉक्टरताई: म्हणजे दिवसा ८ तासांचं अंतर आणि रात्री १६! हे औषध रक्तातून काही तासांतच निघून जातं. एकदम जास्त दिल्याने नाही, जास्त वेळ टिकल्याने ते काम करतं. आता पाऊण वाजलाय. जेवताना चुकलेला डोस दे, पुढचा रात्री ९ ला, मग रोज ९-९. दोन डोस एकदम नकोत. बाटली हलवायची आणि चमचा मापाचाच, पोह्याचा नव्हे.

(दोन दिवसांनी)

आर्याची आई: ताई, जुलाब थांबले. पण आता पोटावर लाल ठिपके! फोटो पाठवते.

जोशीकाका: झालं. ॲलर्जी. शाळेच्या फॉर्मवर लिहून टाका.

डॉक्टरताई: काका!! आर्याची आई, ओठ-डोळे सुजलेत? श्वास लागतोय? तोंडात फोड? पित्तासारख्या खाजणाऱ्या गांधी?

आर्याची आई: काहीच नाही. सपाट आहेत, खाजत नाहीत.

डॉक्टरताई: बरं. तरी पुढचा डोस देण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखव. सूज, धाप किंवा कातडीवर फोड असते, तर औषध बंद करून सरळ १०८ म्हटलं असतं. मुलांना यावर पाचव्या-सहाव्या दिवशी असं पुरळ येतं, ते दरवेळी ॲलर्जी नसतं. औषधाचं नाव, पुरळाची तारीख आणि फोटो जपून ठेव. आत्ता ‘ॲलर्जी’ लिहिलंस, तर पुढे गरज असताना हे साधं औषध कोणी देणार नाही.

आर्याची आई: दाखवून आले. साधं पुरळ म्हणाले, उरलेले दोन दिवस पूर्ण करायचे.

जोशीकाका: माझ्या कपाटात मागच्या खोकल्याच्या चार गोळ्या उरल्यात, त्या...

डॉक्टरताई: काका, त्या घेऊन खाली या. मी बघते.