मदत हवी आहे: जाहिरातच चुकली, आता काय करू?
जळगाव एमआयडीसीत आमचा पीव्हीसी पाइपचा कारखाना. मेन्टेनन्सला माणूस हवा म्हणून मीच जाहिरात दिली: ‘बीई इलेक्ट्रिकल, पीएलसी प्रोग्रॅमिंग आवश्यक.’ आले ते रात्रपाळीचं ऐकूनच परत गेले. जाहिरातीत ती नव्हतीच.

परवा रात्री एक्स्ट्रूडरचा हीटर बँड गेला, पाइप खडबडीत निघायला लागला, तेव्हा नाकारलेला एक बायोडाटा आठवला. पुन्हा काढून वाचला. धरणगावकडचा मुलगा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, सात वर्षं हेच हीटर आणि थर्मोकपल बदलतोय. वर माझ्याच अक्षरात शेरा: ‘डिग्री नाही.’ पीएलसीला तर आम्ही हातही लावत नाही, मशीन कंपनीचा माणूस येतो. ती ओळ मी दुसऱ्या जाहिरातीतून उचललेली!

आता त्याला कोणत्या तोंडाने फोन करू? आणि नव्या जाहिरातीत आधी काय लिहू, काम की रात्रपाळी?