व्हिन्क्रिस्टिनच्या चार डोसनंतर उरलेली गाठ: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, १४ किलोची, चार वर्षांची मोकाट कुत्री आहे. योनीतून रक्त ठिबकत होतं, आत फुलकोबीसारखी ठिसूळ गाठ. ठसा घेऊन गिम्सा केला: गोल, सुट्या पेशी, गोल केंद्रक, ठळक केंद्रिका आणि पेशीद्रवात ओळीने स्वच्छ पोकळ्या. विभाजन होत असलेल्या पेशीही बऱ्याच. त्यामुळे टीव्हीटीबद्दल शंका उरली नाही.

व्हिन्क्रिस्टिन दर आठवड्याला ०.०२५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ०.३५ मिग्रॅ, शिरेतून दिलं. औषध शिरेबाहेर गेलं तर ऊती सडते, म्हणून प्रत्येक वेळी नवा कॅथेटर आणि आधी सलाईन. पांढऱ्या पेशी ४००० च्या खाली असतील तर डोस पुढे ढकलायचा, पण तशी वेळ आली नाही. दुसऱ्या डोसनंतर रक्त थांबलं, तिसऱ्यापर्यंत गाठ निम्म्याहून लहान झाली. चौथ्यानंतर मात्र वाटाण्याएवढा कडक भाग तसाच आहे.

तो नुसता व्रण आहे की जिवंत ट्यूमर? सुईने घेतलेल्या नमुन्यात लिम्फोसाइट आणि तंतुपेशी जास्त, पोकळ्यांच्या पेशी तुरळक दिसल्या. मला हे ओसरण्याचं लक्षण वाटतं, पण ही गाठ जिवंत पेशींच्या कलमानेच समागमातून पसरते. थोड्या पेशी उरल्या तरी ती पुन्हा वाढेल आणि नरांनाही लागेल, याची काळजी वाटते. तोवर तिला वेगळं ठेवलंय.

अशा वेळी तुम्ही आणखी दोन डोस देता, की थेट डॉक्सोरुबिसिनकडे वळता?