मदत हवी आहे: वडिलांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, ब्रँडेड की जनरिक?

घाटावरचा: बाबांच्या गोळ्यांचं बिल महिन्याला हजाराच्या वर जातंय. नेहमीचा मेडिकलवाला 15 टक्के सूट देतो, ॲपवर 20 टक्के आहे आणि चौकातलं नवीन दुकान जनरिकवर 60 टक्के म्हणतं. सरळ 60 टक्केवाल्याकडून घ्यावं ना? आजच ठरवायचंय, गोळ्या संपत आल्यात.

मेधा_प: कोणत्या गोळ्या, किती पॉवरच्या, दिवसातून किती? हे न सांगता कोण काय सांगणार?

दादरकर: जनरिकच्या नादी लागू नका. त्यात 20 टक्के औषध कमी असलं तरी चालतं, असा नियमच आहे. आमच्या साडूंचं बीपी जनरिकवर 160 च्या खाली येईना.

घाटावरचा: टेल्मिसार्टन 40 सकाळी एक. शुगरची जोडगोळी दोन वेळा. रात्री कोलेस्टेरॉलची. मला फक्त स्वस्त कुठे पडेल ते हवंय.

औषधवाला: कराडला मेडिकलच्या काउंटरवर बसतो, म्हणून लिहितो. टक्के बघू नका, हातात पडलेल्या एका गोळीचा भाव काढा. टेल्मिसार्टनच्या दोन्ही पाकिटांवरची एमआरपी आणि गोळ्यांची संख्या टाका.

घाटावरचा: ब्रँडेड 15 गोळ्यांचं पाकीट, 112.50. चौकातलं जनरिक 10 गोळ्यांचं, 95.

औषधवाला: बघा, ब्रँडेड गोळी छापील साडेसात रुपयांना आणि जनरिक साडेनऊला! दुकानदाराला ती फार कमी भावात मिळते, म्हणून 60 टक्के सोडणं परवडतं. सूट धरून तुमची नेहमीची गोळी 6.38 ला, ॲपवर 6 ला आणि चौकात 3.80 ला पडते. म्हणजे 30 गोळ्यांचे साधारण 191, 180 आणि 114. ॲप घरपोच आणायचे पैसे लावत असेल तर तेही मिळवा. चौकात स्वस्त आहेच, पण 60 टक्के ऐकून वाटतं तेवढं नाही. जनऔषधी केंद्रात विचारलंत का?

घाटावरचा: विचारलं होतं. टेल्मिसार्टनचं 10 चं पाकीट 12 ला. पण शुगरची जोडगोळी नव्हती, 'पुढच्या आठवड्यात या' म्हणाले.

औषधवाला: म्हणजे महिन्याला 36. बीपीची तिथून घ्या, शुगरची सध्या आहे तीच ठेवा. जोडगोळीत मेटफॉर्मिन एसआर आहे का ते पाकिटावर बघा. एसआर हळूहळू विरघळते. तिच्याऐवजी साधी दिली तर नाव आणि मिलिग्रॅम तेच दिसेल, पण औषध एकदम सुटेल, पोट बिघडू शकतं. एसआर अर्धी तोडायची किंवा कुटायचीही नाही.

दादरकर, तो 20 टक्क्यांचा आकडा गोळीत औषध किती भरलंय याचा नाही. रक्तात ते किती चढतं याची मूळ औषधाशी तुलना करतात, त्या हिशोबाची ती मर्यादा आहे.

दादरकर: कागदावर असेल. प्रत्येक कंपनीची चाचणी झालेलीच असते का? साडूंना ब्रँडेड सुरू केल्यावर 134 आलं.

औषधवाला: जुन्या परवान्यांबद्दल तुमची शंका अगदीच चुकीची नाही. पण साडू गोळ्या कशात ठेवायचे? टेल्मिसार्टन ओल धरते. आठवड्याच्या डबीत काढून ठेवली की पावसाळ्यात मऊ, चिकट होते, मग कंपनी कुठलीही असो. घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची.

दादरकर: डबीतच असतात. पण ब्रँडेडही डबीतच होत्या.

स्नेहल: मला थायरॉइड आहे. कंपनी बदलली तेव्हा टीएसएच वर गेला, डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून डोस बदलला. जनरिक नकोच.

मेधा_प: स्नेहलताई, थायरॉइडच्या गोळीत बारीक फरकही जाणवतो, तिथे एकच कंपनी धरून राहणं बरोबर. इथे प्रश्न बीपीचा आहे.

रानवारा: मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी खा. गोळ्यांची कटकटच नको.

मेधा_प: कृपा करून गोळ्या बंद करायचे सल्ले देऊ नका.

घाटावरचा: मेथी नको हो. चौकातला मुलगा चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असताना परस्पर जनरिक देत होता, ते चालतं का?

औषधवाला: नाही. चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरं परस्पर देता येत नाही, घटक तोच असला तरी. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आणि तिन्ही गोळ्या एकदम बदलू नका. आधी बीपीची बदला, दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी घरी बीपी मोजून लिहा. वाढत राहिलं तर वही डॉक्टरांना दाखवा. एकदम सगळं बदललंत तर कशामुळे बिघडलं ते कळणार नाही.

घाटावरचा: पाकीट बघितलं, एसआरच आहे. डॉक्टर मूळ नाव लिहून देतील का शंका आहे, मागे विचारलं तर चिडले होते. कोलेस्टेरॉलची अटोरव्हास्टॅटिन 10 केंद्रात नियमित मिळते का? साताऱ्यातलं कुणी सांगेल का?